हाफिजेच्या मागे कोण उभे राहणार?

गंगाखेडमध्ये 'धार्मिक परंपरेतील स्त्रीचे स्थान' असा निबंधाचा विषय निघाला, की मुली पहिल्या ओळीत संत जनाबाईंचे नाव लिहितात. साहजिकच आहे. त्या इथल्याच. लहानपणी पंढरपूरला दामाशेटींच्या घरी गेल्या, संत नामदेवांच्या त्या घरात दळणकांडण करत आयुष्य काढले आणि त्या कामातच अभंग रचले. सहाशे-सातशे वर्षे झाली तरी ते टिकले, कारण लोक ते म्हणत राहिले.

आमच्या घरातल्या धाकट्या मुलीला बी.ए.च्या वर्गात हाच विषय मिळाला. तिने आराखडा केला आणि रात्री जेवणे झाल्यावर आम्हा बायकांना वाचून दाखवला. पहिला मुद्दा जनाबाई. दुसरा मुद्दा 'इस्लाममधील स्त्रिया', आणि त्याखाली तीन नावे : हजरत खदीजा (रजि.), हजरत आयशा (रजि.), हजरत फातिमा (रजि.). तिसऱ्या मुद्द्यावर एकदम 'समारोप'. मधली चौदाशे वर्षे कोरी.

आम्ही तिला म्हणालो, बाळ, थोर स्त्रियांची नावे लिहिली की आदर दिसतो, पण परंपरेत बाईची जागा कुठे आहे हे काही त्यातून कळत नाही. ते कळायचे असेल तर उलमांचे जिथे एकमत झाले नाही तिथे बघ. एकच प्रश्न घे आणि त्यावर कोण काय म्हणाले, का म्हणाले, ते लिही. प्रश्न शोधायला लांब जायचे नव्हते. तो आमच्या घरात तीन रमजान झाले मुक्कामाला होता : जिला पूर्ण कुरआन पाठ आहे अशी बाई, घरातल्या इतर बायकांची इमाम होऊन तरावीह पढवू शकते का?

हा प्रश्न हौसेचा नाही, हे आधी सांगायला हवे. आमच्या थोरल्या दिरांची मुलगी पंधराव्या वर्षी हाफिजा होऊन घरी आली. तिचा भाऊ तिच्या आधी दोन वर्षे हाफिज झालेला. भावाला पहिल्याच रमजानमध्ये मशिदीत मुसल्ला मिळाला. तेव्हापासून तो दरवर्षी तरावीह पढवतो. मागे सामे, म्हणजे ऐकून चूक सुधारणारा दुसरा हाफिज, उभा असतो. सगळी पंगत कान लावून असते. त्यामुळे शाबान लागला की तो आपोआप कुरआन घेऊन बसतो. बहिणीला मात्र कोणी काही विचारत नव्हते. मदरशात असताना रोजचा नवा सबक, आधीच्या काही दिवसांचे सबक आणि जुन्या पाऱ्यांचा आमोख्ता अशी तिहेरी उजळणी चाले. घरी आल्यावर धुणी-भांडी, शिलाई, पाहुणे. पाठांतर हे विहिरीच्या पाण्यासारखे आहे, उपसत राहिले तरच झरा मोकळा राहतो.

विसरणेही एकदम होत नाही, आणि म्हणूनच ते लवकर ध्यानात येत नाही. आयत जात नाही, आधी तिची जागा जाते. कुरआनात एकमेकींसारख्या पुष्कळ आयती आहेत. सूरह आराफमध्ये हजरत मूसा (अलै.) आणि फिरऔनच्या जादूगारांचा प्रसंग आहे, तो नवव्या पाऱ्यात येतो. तोच प्रसंग सूरह शुअरामध्ये, एकोणिसाव्या पाऱ्यात, पुन्हा येतो. जादूगार ईमान आणतात तिथले शब्द दोन्हीकडे अगदी एकच आहेत. लगेच पुढे फिरऔनचे उत्तर येते आणि तिथे एका-दोन शब्दांचा फरक पडतो. कच्चा हाफिज नवव्या पाऱ्यात चालू करतो आणि त्या वळणावरून नकळत एकोणिसाव्यात निघून जातो. त्याला स्वतःला कळत नाही, कारण जीभ अडखळत नाही. ऐकणारा हाफिज असेल तरच हे पकडले जाते. आमच्या मुलीचे नेमके हेच होऊ लागले होते. ती एकटीच तरावीह पढायची, वीस रकाती व्हायच्या, आणि चूक कुठे झाली हे सांगायला मागे कोणी नसे.

म्हणून तिने बडी अम्मींना, म्हणजे आमच्या सासूबाईंना, विचारले, की घरातल्या बायकांनी माझ्या मागे उभे राहावे का? बडी अम्मी म्हणाल्या, "ऐसा हमारे में नहीं होता." त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. मराठवाड्यातली आपली बहुतेक घरे हनफी, आणि हनफी मसलकातले प्रसिद्ध मत तेच आहे. पण 'हमारे में' म्हणजे कुणामध्ये, हे पाहायला आम्ही बसलो आणि वाट वाटली त्यापेक्षा बरीच लांब निघाली.

सुरुवात सहाबी स्त्रियांपासून होते. हजरत आयशा (रजि.) यांनी स्त्रियांची इमामत केली आणि त्या पुढे न जाता रांगेच्या मध्यभागी उभ्या राहिल्या, असे रिवायतीत आहे. हजरत उम्मे सलमा (रजि.) यांच्याबद्दलही असेच आले आहे, तिथे नमाज असरची होती. तिसरे नाव हजरत उम्मे वरका (रजि.) यांचे, आणि ते आम्हाला विशेष जवळचे वाटले, कारण त्या कुरआन येणाऱ्या अन्सारी स्त्री होत्या. प्रेषित (स.) त्यांच्या घरी भेटीला जात. त्यांनी त्यांना आपल्या घरच्यांची इमामत करायला सांगितले आणि अजान द्यायला माणूसही नेमून दिला. ही हदीस अबू दाऊदच्या संग्रहात आहे. तिच्या सनदीतल्या काही रावींवर मुहद्दिसीनमध्ये चर्चा आहे. कोणी ती कमजोर मानतात, कोणी स्वीकारतात. 'घरचे' म्हणजे फक्त स्त्रिया की पुरुषही, यावरही वाद आहे. थोड्या जुन्या उलमांनी, उदाहरणार्थ इमाम अबू सौर आणि इमाम तबरी (रह.) यांनी, स्त्रीने पुरुषांचीही इमामत करणे वैध मानल्याचे ग्रंथांत नोंदले आहे. बहुसंख्य उलमांनी ते नाकारले. आमचा प्रश्न तो नव्हताच. आमच्या मुलीच्या मागे फक्त आम्ही उभ्या राहणार होतो.

तेवढ्यापुरतेही चार इमामांचे एकमत नाही. शाफई मसलकात स्त्रियांची आपसातली जमात पसंत, म्हणजे मुस्तहब, आहे. म्हणून आपल्या कोकणातल्या शाफई घरांसाठी हा आमच्यासारखा पेच नाही. हंबली मसलकाचे प्रसिद्ध मतही तसेच. मालिकी मसलक दुसऱ्या टोकाला : स्त्रीची इमामत, मग मागे स्त्रियाच का असेनात, दुरुस्त नाही. हनफी मसलक या दोन्हींच्या मध्ये उभा आहे. नमाज होते, पण जमात मकरूह आहे, आणि तरीही केलीच तर इमाम बाईने रांगेच्या मध्ये उभे राहावे.

मकरूह का, हे आम्हाला कुणी कधी सांगितले नव्हते. 'हिदाया' हा आपल्या मदरशांत शिकवला जाणारा हनफी फिकहचा ग्रंथ. त्याचे कर्ते इमाम मरगीनानी (रह.) 1197 मध्ये गेले. त्यांनी कारण दिले आहे : इमामाची जागा रांगेच्या पुढे. बाई मध्ये उभी राहिली तर इमामाची जागा सुटते, पुढे उभी राहिली तर पडद्याला बाध येतो. दोन्हीकडून उणेपणा येतो, तेव्हा जमात न केलेली बरी. मग हजरत आयशांनी केली तिचे काय? ती इस्लामच्या सुरुवातीच्या काळातली मानावी, असे त्यांचे उत्तर.

या उत्तरावरची मोठी हरकत बाहेरच्या कुणाची नाही. ती घेतली हनफी मसलकातल्याच इमाम इब्नुल हुमाम (रह.) यांनी, 'हिदाया'वरच्या आपल्या भाष्यात. त्यांचा मुद्दा साधा, हिशेबाचा आहे. नबुव्वत मिळाल्यानंतर प्रेषित (स.) मक्केत तेरा वर्षे राहिले. हजरत आयशा त्यांच्या घरी आल्या त्या मदिनेत. त्यांनी स्त्रियांची इमामत केली ती त्याहीनंतर. मग ही 'सुरुवात' कशी? शेवटी ते म्हणतात, की फार तर ही जमात सुन्नत राहिली नाही एवढे सिद्ध होईल, पण तेवढ्यावरून ती हरामच्या जवळची मकरूह ठरत नाही. हे मत घ्यायला आपल्याला अडचण असू नये, कारण शोध सत्याचा आहे. इब्नुल हुमाम 1457 मध्ये गेले, म्हणजे ही चर्चा काही आजच्या शिकल्या मुलींनी उकरून काढलेली नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या हाताला लागली. इमाम अबू हनीफा (रह.) यांचे शागीर्द इमाम मुहम्मद (रह.) यांच्या 'किताबुल आसार'मध्ये रिवायत आहे, की हजरत आयशा रमजान महिन्यात स्त्रियांची इमामत करत आणि मध्ये उभ्या राहत. म्हणजे नमाज आमच्या प्रश्नातलीच, महिनाही तोच. त्याखाली इमाम मुहम्मद लिहितात, की बाईने इमामत करावी हे आम्हाला आवडत नाही, पण केली तर मध्ये उभे राहावे, आणि इमाम अबू हनीफांचेही हेच म्हणणे आहे. 'आवडत नाही' इतकेच. पुढच्या शतकांत या नावडीचे हळूहळू कडक मनाईत रूपांतर झाले, असे आमचे मत झाले.

याच वाटेवर अलीकडचे आणि आपल्याला जवळचे नाव येते ते मौलाना अब्दुल हय्य लखनवी (रह.) यांचे. फिरंगी महलचे हे मोठे हनफी आलिम 1848 मध्ये जन्मले आणि चाळिशी गाठण्याआधीच, 1886 मध्ये गेले. त्यांचे वडील मौलाना अब्दुल हलीम हैदराबाद संस्थानच्या नोकरीत होते, आणि आपला परभणी जिल्हा तेव्हा त्याच संस्थानात होता. अब्दुल हय्य साहेबांनी केवळ स्त्रियांच्या जमातीवर अरबीत एक स्वतंत्र रिसाला लिहिला, 'तुहफतुन् नुबला'. मकरूह म्हणणाऱ्यांच्या एकेका दलीलीची तपासणी करून स्त्रियांची आपसातली जमात मकरूह ठरत नाही, या निष्कर्षाला ते आले. बडी अम्मींना हे सांगितल्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "एक मौलाना बोले तो क्या सब बोले?"

त्यांचा प्रश्न रास्त होता. मनाईच्या बाजूनेही वजनदार गोष्टी आहेत आणि त्या लपवून निबंध लिहू नये, हे आम्ही मुलीला बजावले. आम्हाला सर्वात भारी वाटलेली ही : हजरत उमर (रजि.) यांनी तरावीहची जमात बसवली तेव्हा स्त्रियांसाठी वेगळा इमाम नेमला, आणि तो पुरुष होता, सुलैमान बिन अबी हस्मा. मदिनेत कुरआन येणाऱ्या स्त्रिया असूनही. शिवाय बाईची नमाज घराच्या आतल्या भागात अधिक चांगली, असे सांगणाऱ्या हदीसी आहेतच. यावर दुसरी बाजू म्हणते, की आमची जमातही घराच्या आतच आहे. दोन्ही म्हणणी ऐकल्यावर आमचा कल कुठे झुकला ते वाचकांच्या लक्षात आलेच असेल, पण फतवा देणे आमचे काम नाही.

आमच्या मशिदीच्या इमाम साहेबांनी तर साफ सांगितले, की मी हनफी फतव्याप्रमाणे मकरूहच सांगणार. पण त्यांनी मुलीला वाऱ्यावर सोडले नाही. ते म्हणाले, भाऊ रोज रात्री जो पारा पढवणार तो त्याने दुपारी बहिणीला ऐकवावा आणि बहिणीने त्याला. हाफिजांत याला दौर म्हणतात. पुरुष हाफिज एकमेकांत करतातच, बहीण-भावाला कोणी अडवले आहे? पहिल्या वर्षी आम्ही एवढेच केले. जोहरनंतर दोघे ओसरीवर बसत. बहीण अडखळली की भाऊ तिच्या कुरआनात समासावर शिसपेन्सिलीची बारीक खूण करी. महिनाअखेर खुणा मोजल्या तेव्हा निम्म्याहून अधिक सारख्या आयतींच्या वळणांवर होत्या. एक गंमत सांगायची तर भावाच्या कुरआनातही खुणा झाल्या, आणि त्या बहिणीने केल्या होत्या.

पण बसून ऐकवणे वेगळे आणि नमाजेत उभे राहून पढणे वेगळे. बसल्यावर डोळे मिटून आठवता येते, मागे जाता येते. नमाजेत पुढेच जावे लागते. म्हणून पुढच्या वर्षी मुलीच्या वडिलांनी दुसऱ्या शहरातल्या एका हनफी मुफ्ती साहेबांना लेखी विचारले. उत्तर सावध होते : मूळ हुकूम मकरूहचाच आहे, पण हिफ्ज टिकवण्यासाठी गुंजाइश आहे, अटींवर. जमातीत घरच्याच बायका असाव्यात. बोलावणी करू नयेत. आवाज घराबाहेर जाऊ नये. इमाम मुलीने रांगेतच, मध्ये उभे राहावे. आज बऱ्याच हाफिजा होत असल्यामुळे अशी गुंजाइश देणारे मुफ्ती आहेत आणि न देणारेही आहेत. ज्या घराला विचारायचे असेल त्याने आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावे.

मग आम्ही उभ्या राहिलो. पाचजणी, मागच्या खोलीत. मुलगी मध्ये, दोन्ही बाजूंना दोघी-दोघी. अजान-इकामत नाही. आवाज रांगेच्या टोकापर्यंत पोचेल इतकाच. धाकट्या जाऊबाईंना हे पटले नव्हते. त्या शेजारच्या खोलीत एकट्या पढल्या आणि सहेरीला नेहमीसारख्या आमच्यात येऊन बसल्या. त्यावर घरात कोणी चकार शब्द काढला नाही. बडी अम्मी खुर्चीवर बसून, पण रांगेत.

प्रत्यक्षात उतरल्यावर जे कळले ते पुस्तकांत शोधून सापडले नसते. पहिली गोष्ट हिशेबाची. हाफिजी कुरआनात, पंधरा ओळींच्या छापाचा, साधारण वीस पानांचा एक पारा असतो, म्हणजे वीस रकातींत रकातीमागे एक पान, असा मशिदीचा सोपा हिशेब. मुलीला महिन्यातले काही दिवस नमाज माफ असते. त्या दिवसांत हनफी मताप्रमाणे तिलावतही करायची नसते. मालिकी उलमांनी विसरण्याच्या भीतीने पाठ म्हणायची मोकळीक दिली आहे, पण आम्ही ती घेतली नाही. तेव्हा तीस पारे बावीस-तेवीस रात्रींत बसवायचे. रोज सव्वा ते दीड पारा. मशिदीच्या खतमबरोबर आपलाही खतम सत्ताविसाव्या रात्री व्हावा हा हट्ट त्यामुळे पहिल्याच दिवशी सोडला.

दुसरी गोष्ट जास्त अडचणीची. चूक झाली तर सांगणार कोण? हनफी मताप्रमाणे नमाजेबाहेरच्या माणसाने कुरआन उघडून चूक सांगितली आणि इमामाने ती घेतली, तर नमाज तुटते. लुकमा देणारी बाई रांगेतलीच हवी आणि तिला ते पाठ हवे. आम्ही चौघी पाहून पढणाऱ्या. आमच्या मागे उभे राहण्याचा तिच्या पाठांतराला काय उपयोग? नणंदेच्या मुलीला तेव्हा बारा पारे पाठ होते : तिसावा आणि पहिले अकरा. पहिल्या अकरा पाऱ्यांपर्यंत ती रांगेत तिच्या उजवीकडे उभी राहिली. नवव्या पाऱ्यात, जादूगारांच्या त्या जागेवर, मुलगी वळली आणि धाकटीने हळूच पुढचा योग्य शब्द दिला. तीन वर्षांत पहिल्यांदा ती चूक नमाजेतच सुधारली गेली. बाराव्या पाऱ्यापासून पुढे मात्र लुकमा देणारे कोणी नव्हते. तिथे पुन्हा दुपारचा भावाबरोबरचा दौर आणि शिसपेन्सिल.

निबंधाच्या आराखड्यात आता जनाबाई आहेत, पण त्या पहिल्या मुद्द्यात नाहीत. मुलीने त्यांना शेवटाकडे नेले, 'म्हटल्याने टिकते' या मथळ्याखाली. मध्ये उम्मे वरका, मग मक्केत सहीह बुखारी शिकवणाऱ्या करीमा मरवजिया, ज्यांच्याकडे अकराव्या शतकात खतीब बगदादींसारखे आलिम बुखारी वाचून गेले, आणि मग स्त्रियांच्या जमातीवरची चारही मते, हरकतींसकट. सरांनी विचारले, यातले तुझे मत कोणते? तिने लिहिले नव्हते. ती म्हणाली, मी दुसऱ्या रांगेतली आहे, अजून पाठ करते आहे. बारा पाऱ्यांची मुलगी ती हीच.

तिचा आता सतरावा पारा चालू आहे. रोज फजरनंतर अर्धे पान, शुक्रवारी नवे काही नाही, फक्त जुने. येत्या रमजानपर्यंत वीस पूर्ण व्हावेत असा दोघींचा बेत आहे. एकोणिसावा त्यात येतो.